पोलादी ड्रॉइंगवरील टिपा मराठीत आणताना

पोलादी बांधकामाच्या शॉप ड्रॉइंगवर आकृत्यांच्या जोडीला बराच मजकूर असतो. उजव्या कडेला सर्वसाधारण टिपा, आकृतीत जागोजागी दोन-चार अक्षरांच्या खुणा, जोडांवर वेल्डची चिन्हे आणि खाली मालाची यादी. हा मजकूर इंग्रजीत असतो आणि तोही अतिशय आखूड केलेल्या इंग्रजीत, कारण तो लिहिणाऱ्याने वाचणारा आपल्यासारखाच प्रशिक्षित असेल असे गृहीत धरलेले असते. महाराष्ट्रातील फॅब्रिकेशन शॉपमध्ये मात्र ड्रॉइंग हातात घेऊन काम करून घेणारा पर्यवेक्षक बहुधा आयटीआयमधून जोडारी किंवा संधाता, म्हणजे फिटर किंवा वेल्डर, होऊन आलेला आणि अनुभवाने वर चढलेला असतो. आकडे, मापे आणि सेक्शनची नावे तो सहज वाचतो. अडतो तो वाक्यांपाशी. अटी, अपवाद आणि 'वेगळे नमूद नसल्यास' अशा पुस्त्या कुठे लागू होतात, हे आखूड इंग्रजीतून नेमके कळत नाही आणि अंदाजाने काम पुढे जाते.

यावर अनेक ठिकाणी ड्रॉइंगसोबत टिपांचा मराठी तक्ता देण्याची पद्धत वापरता येते. मूळ ड्रॉइंग इंग्रजीतच राहते, कारण करार त्याच्यावर असतो आणि तपासणीही त्यावरूनच होते. मराठी तक्ता त्याच्या शेजारी लावायचा असतो. हा तक्ता तयार करताना पहिला निर्णय घ्यायचा तो काय भाषांतरित करायचे नाही याचा. सेक्शनची नावे, बोल्टचा दर्जा, इलेक्ट्रोडचे सांकेतिक क्रमांक आणि वेल्डची चिन्हे जशीच्या तशी ठेवायची, कारण मालावरचा शिक्का, बोल्टच्या डोक्यावरची अक्षरे आणि स्टोअरमधली पावती यांच्याशी ती पडताळून पाहायची असतात. वस्तूंची नावेही शॉपमध्ये जी चालतात तीच ठेवावीत: प्लेट, अँगल, चॅनेल, गसेट, क्लीट, वॉशर. बीमला तुळई आणि शिअरला कर्तन म्हणणे परिभाषाकोशाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण शॉपमध्ये त्या शब्दांनी कुणी माल मागत नाही. भाषांतराची खरी गरज क्रियापदांना, अटींना आणि दिशादर्शक शब्दांना असते. काय करायचे, कुठून मोजायचे, कोणत्या बाजूला, कधी नाही करायचे, हे मराठीत स्वच्छ आले की तक्त्याचे काम झाले.

सेक्शनपासून सुरुवात केली तर नाव तसेच ठेवले तरी त्यामागची माहिती मराठीत सांगावी लागते. भारतीय मानक आयएस ८०८ मध्ये आय आकाराचे जुने बीम आयएसएमबी या नावाने येतात. त्यांच्या फ्लँजची आतली बाजू उतरती असते. वेबशी तिचा कोन ९० ऐवजी ९८ अंशांचा असतो. समांतर फ्लँजचे बीम एनपीबी आणि डब्ल्यूपीबी या नावांनी येतात आणि त्यांची फ्लँज आतूनही सपाट असते. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो बोल्ट बसवताना. उतरत्या फ्लँजवर साधा वॉशर ठेवला तर नट एका कडेवर टेकतो आणि आवळताना बोल्टला वाक येतो. म्हणून तिथे टेपर वॉशर लागतो, आणि चॅनेलचा उतार वेगळा (९६ अंश) असल्याने त्याचा टेपर वॉशरही वेगळा. 'टेपर वॉशर्स ॲट स्लोपिंग फ्लँजेस' या टिपेचे 'उतारावर टेपर वॉशर वापरावेत' असे भाषांतर केले तर पर्यवेक्षक छताच्या उताराचाही विचार करू शकतो. 'आयएसएमबी आणि आयएसएमसीच्या फ्लँजमधून जाणाऱ्या प्रत्येक बोल्टला, फ्लँजच्या आतल्या बाजूस, त्या-त्या सेक्शनचा टेपर वॉशर घालायचा. एनपीबी आणि डब्ल्यूपीबीला तो लागत नाही' असे लिहिले की शंका उरत नाही. इंग्रजी टीप पाच शब्दांची आणि मराठी दोन वाक्यांची झाली, तरी त्यात काही बिघडत नाही.

नावातल्या आकड्याबद्दलही एक ओळ तक्त्यात असणे चांगले. आयएसएमबी ३०० ची खोली खरोखर ३०० मिलिमीटर असते. डब्ल्यूपीबी मालिकेत मात्र नावातला ३०० हा आकडा फक्त ओळखीचा असतो. मीटरला ८८.३३ किलो वजनाच्या डब्ल्यूपीबी ३०० × ३०० ची प्रत्यक्ष खोली २९० मिलिमीटर आहे. या नावातला शेवटचा आकडा वजनाचा असतो आणि एकाच नावाचे पहिले दोन आकडे असलेले वेगवेगळ्या वजनाचे बीम मिळतात. क्लीटची उंची किंवा एंड प्लेटवरची भोके नावावरून काढली तर १० मिलिमीटरची चूक तिथेच जन्माला येते. म्हणून तक्त्यात 'सेक्शन यार्डात उतरल्यावर नाव आणि वजन दोन्ही जुळवायचे. खोली टेपने मोजायची' असे स्पष्ट लिहावे.

अँगलच्या बाबतीत बहुतेक गोंधळ 'कुठून' या प्रश्नाशी असतो. ड्रॉइंगवर 'गेज ६०' लिहिलेले असते. शॉपमध्ये गेज म्हणजे पत्र्याची जाडी, गेज म्हणजे मोजायचे साधन, आणि इथे गेज म्हणजे भोकांची ओळ. आयएसए १०० × १०० × ८ या अँगलवर ही ओळ अँगलच्या पाठीपासून, म्हणजे दोन पाय जिथे मिळतात त्या बाहेरच्या कोपऱ्यापासून, ६० मिलिमीटरवर असते. कुणी ती पायाच्या मोकळ्या टोकापासून ६० मोजली तर भोके पाठीपासून ४० वर पडतात. गसेटवरची भोके बरोबर असतील तर जोडाशी २० मिलिमीटरचा फरक येतो, आणि एरवी बरोबर कापलेला ब्रेसिंगचा तुकडा साइटवर बसत नाही. तक्त्यात 'गेज' शब्द टाळून 'अँगलच्या पाठीपासून भोकाच्या मध्यापर्यंत ६० मिमी' असे पूर्ण लिहिणे हाच उपाय. असमान पायांच्या अँगलला, उदाहरणार्थ १०० × ७५ ला, कोणता पाय जोडायचा हेही 'लाँग लेग व्हर्टिकल' अशा तीन अक्षरांत दडलेले असते. '१०० मिमीचा पाय उभा, ७५ मिमीचा आडवा' असे आकड्यांसकट लिहावे. लांब-आखूड हे विशेषण एकटे ठेवू नये.

मापाच्या एककाचा प्रश्न मराठी शॉपमध्ये वेगळाच आहे. इथे अजूनही सूत चालते. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, सुमारे ३.२ मिलिमीटर. पाच सुती बोल्ट म्हणजे १५.९ मिलिमीटर, जो एम १६ च्या जवळ जातो. पण सहा सुती म्हणजे १९ मिलिमीटर, आणि तो एम २० नव्हे. दोन सूत वेल्ड म्हणजे ६ मिलिमीटरच्या थोडे वर. बोलण्यात सूत राहिले तरी तक्त्यात ते येऊ नये. मराठीत लिहिताना घरगुती माप वापरण्याचा मोह होतो, पण ड्रॉइंगचे माप आणि तक्त्याचे माप एकच राहिले पाहिजे, नाहीतर दोन्ही ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसतात आणि कोणता खरा हा वाद सुरू होतो.

बोल्टच्या जोडांतील एक टीप पूर्ण उलगडून पाहणे उपयोगी आहे. एका ब्रेसिंग गसेटच्या ड्रॉइंगवर अशी टीप आहे, असे धरू: 'ऑल बोल्ट्स एम २०, ग्रेड ८.८, इन २२ डाया होल्स, थ्रेड्स एक्सक्लूडेड फ्रॉम शिअर प्लेन, यू.एन.ओ.' शेवटचे यू.एन.ओ. म्हणजे 'अनलेस नोटेड अदरवाइज'. इंग्रजीत ही अट शेवटी येते. मराठीत ती आधी आली पाहिजे, कारण मराठी वाचणारा वाक्याच्या शेवटी क्रियापद आले की सूचना संपली असे समजतो. म्हणून भाषांतर 'आकृतीत वेगळे लिहिलेले नसेल तिथे' या शब्दांनीच सुरू व्हावे.

२२ मिलिमीटर भोकाची टीप सोपी आहे. आयएस ८०० मध्ये एम २० च्या बोल्टला नेहमीच्या भोकासाठी दोन मिलिमीटर जास्त व्यास दिलेला आहे. भोके जुळली नाहीत म्हणून साइटवर गॅसने मोठी करण्याची जी सवय असते, ती मनाई इथेच लिहून ठेवावी: 'भोक ड्रिलने २२ मिमीच करायचे. गॅसने मोठे करायचे नाही. जुळत नसेल तर इंजिनिअरला विचारायचे.'

अवघड भाग 'थ्रेड्स एक्सक्लूडेड'चा आहे. दोन प्लेटी बोल्टने जोडल्यावर त्या एकमेकींवरून घसरू पाहतात आणि बोल्टला नेमके त्यांच्या टेकलेल्या रेषेवर कापू पाहतात. त्या रेषेवर बोल्टचा गुळगुळीत दांडा आला तर काप घेणारे क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर असते. तिथे आटे आले तर आट्यांच्या खाचा वजा होऊन हेच क्षेत्रफळ २४५ उरते. ८.८ दर्जाच्या बोल्टच्या पोलादाची ताकद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन धरली जाते. आयएस ८०० च्या सूत्राने एका कापावर दांड्याला सुमारे ११६ किलोन्यूटन आणि आट्यांना सुमारे ९० किलोन्यूटन मिळतात. डिझायनरने ११६ धरून बोल्टांची संख्या ठरवली असेल आणि शॉपमध्ये आटे रेषेवर आले तर प्रत्येक बोल्टमागे जवळजवळ २२ टक्के क्षमता कमी होते, आणि बाहेरून पाहिले तर काहीच दिसत नाही. जोड पूर्ण, नट घट्ट, रंग लावलेला.

शब्दशः भाषांतर इथे फसते. 'आटे कर्तनपातळीतून वगळलेले' असे लिहिले तर त्यातून हाताला काही करण्यासारखे मिळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: 'दोन प्लेटी जिथे एकमेकींना टेकतात, त्या रेषेवर बोल्टचे आटे येता कामा नयेत. तिथे गुळगुळीत दांडा आला पाहिजे. बोल्ट घालण्याआधी तो प्लेटींच्या कडेला धरून पाहायचा.' शेवटचे वाक्य मूळ टिपेत नाही, पण ते टिपेतूनच निघते, आणि ते असल्याने पर्यवेक्षक स्वतः पडताळा घेऊ शकतो.

पडताळा कसा घ्यायचा ते एका उदाहरणात पाहू. डोक्याखाली १६ मिमीची प्लेट आणि नटाकडे १२ मिमीची प्लेट आहे. स्टोअरमधून एम २० × ६० बोल्ट आले आहेत. सामान्य षट्कोनी बोल्टमध्ये या व्यासाला आट्यांची लांबी ४६ मिलिमीटर असते. ६० मधून ४६ वजा जाता डोक्याखाली जेमतेम १४ मिलिमीटर दांडा उरतो, आणि त्यातही शेवटी आट्यांचा उतार असतो. प्लेटी टेकतात ती रेषा डोक्यापासून १६ मिलिमीटरवर. म्हणजे रेषेवर आटे येतात आणि टिपेचा भंग होतो. लांबी बदलावी, वॉशर वाढवावेत की वेगळ्या प्रकारचा बोल्ट मागवावा, हा निर्णय शॉपमध्ये घ्यायचा नाही, तो इंजिनिअरने घ्यायचा. पण ही अडचण आहे हे शॉपमध्येच, बोल्ट घालण्याआधी, कळले पाहिजे.

कडेच्या अंतरातही असेच दडलेले गणित असते. गसेट प्लेटवर 'एज डिस्टन्स ३५' दिलेले आहे आणि सोबत 'ऑल गसेट एजेस मशीन फ्लेम कट ऑर सॉन' अशी टीप आहे. आयएस ८०० नुसार भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे किमान अंतर कड कशी कापली यावर ठरते. मशिनने गॅसकट केलेल्या, करवतीने कापलेल्या किंवा रोलिंग मिलमधून आलेल्या कडेला भोकाच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे २२ च्या दीडपट ३३ मिलिमीटर. शिअर मशिनने कापलेल्या किंवा हाताने गॅसकट केलेल्या कडेला १.७ पट, म्हणजे ३७.४ मिलिमीटर. ३५ हा आकडा पहिल्या प्रकाराला पुरतो, दुसऱ्याला नाही. भाषांतरात ही टीप 'सर्व कडा गॅसने कापाव्यात' अशी ढिली झाली, आणि शॉपने हातातल्या टॉर्चने कापले, तर प्रत्येक भोकाची कड नियमाबाहेर जाते. म्हणून इथे 'मशिनने' हा शब्द वगळता येत नाही, आणि त्याच्या पुढे कारणही एका ओळीत लिहिणे योग्य: 'हाताने कापल्यास ३५ मिमी पुरत नाही.' 'मध्यापासून' हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. 'भोकापासून कडेपर्यंत ३५' म्हटले तर कुणी भोकाच्या कडेपासूनही मोजेल.

घर्षणाने काम करणाऱ्या उच्च ताणाच्या बोल्टांच्या जोडाला आणखी एक टीप असते: 'फेइंग सरफेसेस नॉट टु बी पेंटेड'. एकमेकांना टेकणाऱ्या पृष्ठभागांवर रंग लावायचा नाही. हा जोड बोल्टच्या दाबाने प्लेटींमध्ये जे घर्षण तयार होते त्यावर चालतो. शॉट किंवा ग्रिट ब्लास्ट केलेल्या स्वच्छ पृष्ठभागासाठी आयएस ८०० मध्ये घर्षणाचा गुणांक ०.५ धरला आहे. शिसेयुक्त लाल रंग लावलेल्या पृष्ठभागाला तो ०.१ इतकाच आहे. शॉपमध्ये प्रायमर मारण्याची घाई नेहमी असते, म्हणून नुसती मनाई पुरेशी नाही. कुठवर झाकायचे तेही सांगावे लागते. 'जोडाच्या दोन्ही प्लेटी जिथे टेकतात ती जागा, भोकांच्या सभोवतालसह, मास्किंग टेपने झाकून मग प्रायमर मारायचा' अशी सूचना टिपेचा हेतू पूर्ण करते. हा हेतू ठाऊक नसेल तर बोल्टच्या आवळणीचेही भाषांतर चुकते. 'स्नग टाइट' म्हणजे घट्ट बसलेला, पण घर्षणाच्या जोडाला तेवढे पुरत नाही. तिथे आधी साध्या पान्याने एका माणसाच्या पूर्ण जोराने आवळून प्लेटी टेकवायच्या आणि मग ठरलेल्या पद्धतीने ताण आणायचा. तक्त्यात हे दोन टप्पे वेगळ्या ओळींत यावेत, आणि कोणत्या जोडाला फक्त पहिला टप्पा पुरतो तेही नमूद असावे.

वेल्डची चिन्हे मात्र भाषांतराच्या पलीकडची आहेत, असे वाटण्याचा धोका आहे. चिन्ह जसेच्या तसे राहते हे खरे, पण ते वाचायची पद्धत देशागणिक बदलते, आणि मराठी तक्त्याने ती प्रत्येक ड्रॉइंगसाठी सांगितली पाहिजे. चिन्हात एक आडवी रेषा असते आणि तिच्यातून बाण जोडाकडे जातो. अमेरिकेतील वेल्डिंग सोसायटीच्या पद्धतीत रेषेखाली काढलेले चिन्ह बाण ज्या बाजूला टेकतो त्या बाजूचे, आणि रेषेवर काढलेले पलीकडच्या बाजूचे. युरोपात प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत आडव्या रेषेशेजारी एक तुटक रेषाही असते. अखंड रेषेवर काढलेले चिन्ह बाणाच्या बाजूचे, तुटक रेषेवरचे पलीकडचे. एकाच शॉपमध्ये भारतीय, आखाती आणि युरोपीय ग्राहकांची कामे चालू असतील तर ड्रॉइंगच्या कोपऱ्यातले मानकाचे नाव वाचूनच चिन्ह वाचायला हवे. तक्त्याच्या पहिल्या ओळीत 'या ड्रॉइंगवर तुटक रेषेची पद्धत आहे' किंवा 'तुटक रेषेशिवायची पद्धत आहे' हे लिहिणे म्हणजे अर्धे काम आटोपणे.

इथे बाजूंच्या नावांबद्दल मराठीत शिस्त पाळावी लागते. ड्रॉइंगवर दोन वेगळ्या जोड्या येतात. 'निअर साइड' आणि 'फार साइड' म्हणजे आकृती पाहणाऱ्याच्या समोरची बाजू आणि मागची बाजू. 'ॲरो साइड' आणि 'अदर साइड' म्हणजे जोडाची बाण टेकलेली बाजू आणि पलीकडची बाजू. दोन्हींना मराठीत 'ही बाजू' आणि 'ती बाजू' किंवा 'जवळची' आणि 'दूरची' म्हटले की चूक अटळ. बाण आकृतीच्या मागच्या बाजूकडूनही जोडाला टेकू शकतो. पहिल्या जोडीसाठी 'समोरची-मागची' आणि दुसरीसाठी 'बाणाची-पलीकडची' असे ठरवून घ्यावे आणि सगळ्या तक्त्यांत तेच वापरावे.

आकड्यांची गफलत याहून मोठी असते. फिलेट वेल्डची जाडी दोन प्रकारांनी सांगता येते. भारतीय पद्धतीत पायाची लांबी सांगतात, म्हणजे वेल्ड ज्या दोन प्लेटींवर पसरला आहे त्यावरची लांबी. आंतरराष्ट्रीय मानकात आकड्याआधी अक्षर असते: झेड असल्यास पाय, ए असल्यास गळा, म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतची सर्वांत कमी जाडी. ९० अंशांच्या साध्या जोडाला गळा म्हणजे पायाच्या ०.७ पट. ए ६ चा अर्थ गळा ६ मिमी, म्हणजे पाय सुमारे ८.५ मिमी. ते अक्षर न वाचता फक्त ६ पाहिला आणि ६ मिमी पायाचा वेल्ड केला, तर गळा ४.२ च मिळतो. मागितलेल्या जाडीत ३० टक्के घट. उलट चूकही खर्चिक आहे. पाय ६ हवा असताना ८.५ केला तर वेल्डच्या धातूचे क्षेत्रफळ दुप्पट होते (१८ ऐवजी ३६ चौरस मिलिमीटर), जास्तीची उष्णता जाते आणि प्लेट वाकते. तक्त्यात 'गळा ६ मिमी, म्हणजे पाय ८.५ मिमी, पाय मोजायच्या गेजने तपासायचे' अशा शब्दांत दोन्ही आकडे द्यावेत. गेजने मोजता येईल अशा भाषेत दिलेला आकडा वेल्डरला उपयोगी पडतो.

तुटक वेल्डची गोष्ट तर खास शिकण्यासारखी आहे, कारण दोन पद्धतींत तेच आकडे वेगवेगळे बोलतात. अमेरिकी पद्धतीत ५०-१५० म्हणजे प्रत्येक वेल्ड ५० मिमी लांब आणि एका वेल्डच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १५० मिमी. मधली मोकळी जागा १००. आंतरराष्ट्रीय पद्धतीत लांबीनंतर कंसात येणारा आकडा मोकळ्या जागेचा असतो. म्हणजे ५० आणि कंसात १५० असल्यास मधले अंतर १५० मिमी आणि वेल्डचे मध्य २०० मिमीवर. तीन मीटर लांबीच्या स्टिफनरवर पहिल्या वाचनाने २० वेल्ड बसतात, म्हणजे एकूण १००० मिमी. दुसऱ्या वाचनाने १५ वेल्ड, ७५० मिमी. चिन्ह तेच, पण एक-चतुर्थांश वेल्ड कमी. तक्त्यात 'पिच' शब्द वापरणे इथे टाळावे आणि सरळ लिहावे: 'वेल्ड ५० मिमी, मोकळी जागा १०० मिमी, पुन्हा वेल्ड ५० मिमी.' असे वाचल्यावर खडूने पट्टीवर आखणेही सोपे जाते, आणि तपासणीसही खडूच्याच खुणांवरून मोजतो.

चिन्हावरच्या छोट्या खुणांना मात्र सविस्तर वाक्य द्यावे. आडव्या रेषेच्या आणि बाणाच्या सांध्यावर गोल असेल तर 'जोडाच्या पूर्ण भोवताली वेल्ड'. त्याच जागी छोटा झेंडा असेल तर 'हा वेल्ड साइटवर करायचा. शॉपमध्ये फक्त कडा तयार करायच्या, वेल्ड करायचा नाही.' शॉपमध्ये नकळत झालेला साइट वेल्ड बीमला उचलण्याच्या आधीच अडकवून टाकतो, आणि मग ग्राइंडर आणि गॉजिंगने तो काढावा लागतो.

काही छोट्या शब्दांकडे खास लक्ष द्यायला हवे. 'टिप.' म्हणजे 'टिपिकल'. शब्दकोश पाहून याला 'ठराविक' म्हणायचा मोह होतो, पण मराठीत ठराविक म्हणजे काही निवडक, आणि ड्रॉइंगवरचा अर्थ नेमका उलटा आहे: अशा सर्व जागी हेच. तक्त्यात 'अशा प्रत्येक जोडाला हेच लागू' असे लिहावे. 'शॅल'चे 'करावे' असे भाषांतर सर्वत्र दिसते, पण 'करावे' मध्ये विनंती किंवा सल्ल्याची छटा येते, आणि 'शुड'लाही तेच पडते. बंधनकारक गोष्टीला 'करायचेच', शिफारशीला 'शक्यतो करावे' आणि परवानगीला 'चालेल', असे तीन स्तर ठेवले की पर्यवेक्षकाला सूट कुठे आहे ते कळते. मनाईच्या वाक्यात 'नाही' शेवटी येत असल्याने ते वाक्य आखूड ठेवावे. तीन अटी आणि शेवटी 'करायचे नाही' असे लांबलेले वाक्य आवाजाच्या शॉपमध्ये वाचताना 'नाही' सुटून जाते.

तक्ता झाल्यावर तो तपासायची खात्रीशीर रीत अशी आहे. भाषांतरकाराने नव्हे, तर ड्रॉइंग न पाहिलेल्या एका पर्यवेक्षकाने फक्त मराठी ओळी वाचून खडूने प्लेटवर आखून दाखवायचे: भोके कुठे, कड कुठून मोजली, वेल्ड किती लांब, कोणत्या बाजूला. मग इंजिनिअरने ते मूळ ड्रॉइंगशी ताडून पाहायचे. आखणी चुकली तर दोष पर्यवेक्षकाचा नव्हे, वाक्याचा. ते वाक्य बदलायचे. इंग्रजीत पुन्हा भाषांतर करून पाहण्याने अर्थ जुळल्याचे समाधान मिळते, पण खडूने कुठे रेघ ओढली गेली ते कळत नाही.

प्रत्येक तक्त्यावर ड्रॉइंगचा क्रमांक आणि सुधारणेचा क्रमांक सुरुवातीलाच हवा. ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली की जुना तक्ता शॉपमधून काढून घ्यायचा आणि बदललेल्या ओळी तपासून नवा लावायचा. जुन्या आवृत्तीचा मराठी तक्ता नव्या ड्रॉइंगशेजारी राहिला, तर तो तक्ता नसण्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, कारण वाचणारा त्याच्यावरच विश्वास ठेवून काम करतो. दोन्हींत तफावत दिसली तर इंग्रजी ड्रॉइंग ग्राह्य धरायचे आणि इंजिनिअरला कळवून काम तिथेच थांबवायचे, हे वाक्य तक्त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलेले असलेच पाहिजे.